शिमल्याच्या एक महिन्याच्या निमंत्रणासाठी प्राचार्यांकडे रजा मागताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका अनुदानित महाविद्यालयात अनेक वर्षं शिकवलं आणि शेवटची काही वर्षं प्राचार्य म्हणून काढली. म्हणजे असे अर्ज मी केले आहेत आणि माझ्या टेबलावर आलेलेही पाहिले आहेत. निवृत्तीनंतर जुने सहकारी आणि त्यांचे विद्यार्थी फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण एकच ठेवलं आहे : शिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. तिथलं विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठ केंद्र मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांना सहयोगी म्हणून बोलावतं. दर वर्षी एक महिना, असं तीन वर्षं. पुण्याच्या आयुकाची भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठीची अभ्यागत सहयोगी योजनाही तीन वर्षांचीच असते, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

निवड झाल्याचं पत्र आलं की मग प्राचार्यांना सांगितलं तर चालेल का?

चालत नाही, आणि सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकतात. प्राचार्यांकडे दोन वेळा जायचं असतं. पहिल्यांदा अर्ज पाठवण्याआधी, म्हणजे तुमचा अर्ज महाविद्यालयामार्फत पुढे जावा यासाठी. दुसऱ्यांदा निवड झाल्यावर, रजा मंजूर करून घेण्यासाठी. पहिली पायरी गाळली की दुसऱ्या वेळी तुम्ही विनंती करता आहात असं वाटत नाही, ठरवून टाकलेली गोष्ट कळवता आहात असं वाटतं. प्राचार्य कितीही मोकळ्या मनाचा असला तरी त्याला संस्थेच्या सचिवांना उत्तर द्यायचं असतं, आणि "मलाही कालच कळलं" हे उत्तर त्याला देता येत नाही.

पहिल्या वेळी मोठं पत्र लागत नाही. कुठे अर्ज करतो आहोत, किती दिवसांसाठी, साधारण कोणत्या महिन्यात, आणि निवड झाल्यास रजेसाठी वेगळा अर्ज करू, एवढं चार ओळींत लिहावं. प्राचार्यांची शिफारस आणि सही घ्यावी. कार्यालयात आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. वर्षभरानंतर प्राचार्य बदललेले असतात तेव्हा या प्रतीची किंमत कळते.

ही रजा नेमकी कोणती? किरकोळ, अर्जित की ड्युटी लीव्ह?

अशा निमंत्रणासाठी पहिली मागणी कर्तव्य रजेची करावी. आपण सगळे तिला ड्युटी लीव्ह म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे. परिषद, चर्चासत्र, उजळणी वर्ग, दुसऱ्या संस्थेच्या निमंत्रणावरून दिलेली व्याख्यानं आणि आपल्या संस्थेने पाठवल्यास दुसऱ्या विद्यापीठात किंवा संस्थेत केलेलं काम, हे सगळं तिच्यात बसतं. यातला "आपल्या संस्थेने पाठवल्यास" हा भाग नीट वाचा. तुम्ही स्वतःहून गेलात तर ती कर्तव्य रजा ठरत नाही, महाविद्यालयाने पाठवलं पाहिजे. म्हणूनच अर्जात "मला जायचं आहे" एवढंच लिहून भागत नाही. "महाविद्यालयातर्फे जाण्याची परवानगी मिळावी" असं स्पष्ट लिहावं लागतं.

किरकोळ रजा वर्षाला आठच असतात आणि त्या दुसऱ्या रजांना जोडता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार सोडून द्यावा. कर्तव्य रजेला अर्जित रजा, अर्धपगारी रजा किंवा असाधारण रजा मात्र जोडता येते. तुमच्या विद्यापीठाचे परिनियम आणि राज्य शासनाचे आदेश यांत याहून वेगळं काही असेल तर तेच लागू होतं. म्हणून अर्जात कलम लिहिण्याआधी कार्यालयीन अधीक्षकांकडे बसून संबंधित पान उघडून बघावं. तो अर्धा तास वाया जात नाही, कारण टिपणी पुढे तेच लिहिणार असतात.

एक महिना म्हणजे ३० दिवस. म्हणजे वर्षाची सगळी ड्युटी लीव्ह संपली?

तारखा कशा निवडता यावर ते अवलंबून आहे. एका प्राध्यापिकेचं उदाहरण घेऊन सांगतो. त्या सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतात. त्यांचा विषय जात्यावरच्या ओव्यांचा. त्यांना शिमल्यात १ जून ते ३० जून असा महिना मिळाला. त्यांच्या विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार उन्हाळी सुट्टी १४ जूनला संपत होती आणि १५ जूनला पहिलं सत्र सुरू होत होतं.

सुट्टीतल्या दिवसांसाठी रजा लागत नाही. त्यांनी २९ मे रोजी घर सोडलं, तेही सुट्टीतच. रजा सुरू होते ती १५ जूनपासून. जूनचे उरलेले १६ दिवस आणि परतीच्या प्रवासाचे जुलैचे तीन, म्हणजे १५ जून ते ३ जुलै असे १९ दिवस. प्रवासाचे दिवस धरायला लोक विसरतात. शिमल्याहून कालका, कालक्याहून दिल्ली, दिल्लीहून पुणे आणि पुढे सातारा, हा टप्पा एका दिवसात होत नाही. ३० जूनला काम संपवून १ जुलैला वर्गावर उभं राहण्याचं कागदावर लिहिलं की एक-दोन दिवसांची विनापरवानगी गैरहजेरी ठरलेलीच.

तर महिनाभराच्या निमंत्रणाला १९ दिवस लागले आणि ३० मधले ११ उरले. मात्र हे सगळे १९ दिवस नव्या शैक्षणिक वर्षातले आहेत. याच वर्षी त्यांना पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग करायचा होता. तो दोन आठवड्यांचा, आणि त्याचीही रजा याच ३० दिवसांतून जाते. ११ दिवसांत १४ दिवस बसत नाहीत. ही गोष्ट अर्ज लिहिण्याआधी लक्षात आली म्हणून त्यांनी उजळणी वर्ग दिवाळीच्या सुट्टीत घेतला. नोव्हेंबरमध्ये लक्षात आली असती तर पदोन्नतीची तारीख पुढे गेली असती. कर्तव्य रजेचा हिशेब नेहमी वर्षाच्या बाकी योजनांबरोबर मांडावा.

सुट्टीतच जाऊन येत असेन तर कोणालाच सांगायला नको ना?

सांगायला हवं. सुट्टीत रजा लागत नाही, पण मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते. शिवाय उन्हाळी सुट्टी म्हणजे मोकळीक असं शिक्षकाने समजू नये. त्याच काळात उत्तरपत्रिका तपासणीची केंद्रं चालू असतात, तोंडी परीक्षा असतात, आणि विद्यापीठाचं परीक्षेचं काम शिक्षकावर कायद्याने बंधनकारक आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात आणि प्रवेश समितीत तुमचं नाव असतं. प्राचार्य सुट्टीतल्या निमंत्रणालाही "नाही" म्हणतात ते बहुतेक वेळा यामुळेच. अर्जासोबतच "उत्तरपत्रिका तपासणीचं काम २५ मेपर्यंत पूर्ण करत आहे, प्रवेश समितीतलं माझं काम अमुक सहकारी पाहतील" असं लिहिलं तर तो प्रश्न उठतच नाही.

प्राचार्य पहिल्यांदा काय बघतात?

तुमच्या तासिकांचं काय, हेच. शिमला, फेलोशिप, विषयाचं महत्त्व, हे सगळं नंतर. मी स्वतः असे अर्ज वाचताना थेट दुसऱ्या पानावर जायचो. तिथे पर्यायी व्यवस्थेचा तक्ता असेल तर पहिलं पान निवांत वाचायचो. नसेल तर अर्ज बाजूला ठेवायचो, आणि बाजूला ठेवलेला अर्ज दोन आठवडे तसाच पडून राहतो हे मला माहीत होतं. एकदा माझ्या या सवयीमुळे एका तरुण सहकाऱ्याची स्वीकृती कळवण्याची मुदत निघून गेली. त्याला बोलावून "तक्ता जोड" एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. ते मी केलं नाही, आणि त्याची ती संधी परत आली नाही. म्हणूनच हे इतक्या खोलात सांगतो आहे.

या प्राध्यापिकांचा कार्यभार आठवड्याला १६ तासिकांचा, सहायक प्राध्यापकाचा असतो तेवढाच. पण जूनच्या उत्तरार्धात प्रथम वर्षाचे प्रवेशच पूर्ण झालेले नसतात, त्यामुळे त्यांच्या सहा तासिका सुरूच व्हायच्या नव्हत्या. उरल्या द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या दहा. १९ दिवस म्हणजे पावणेतीन आठवड्यांच्या आतबाहेर, तेव्हा प्रत्यक्षात बुडणाऱ्या तासिका सुमारे २७. त्यातल्या १२ विभागातल्या सहकाऱ्याने घ्यायचं कबूल केलं. त्या तासिकांतले घटक तो सहकारी स्वतः शिकवत असलेल्या पेपरशी जुळणारे होते. राहिलेल्या १५ त्या स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी जादा तास घेऊन भरून काढणार होत्या. तक्त्यात वर्ग, पेपर, तारीख, कोण घेणार आणि घेणाऱ्याची सही, एवढे रकाने. "विभागातील सहकारी सांभाळून घेतील" या वाक्याला काही अर्थ नाही. सही असेल तरच ती व्यवस्था.

१९ दिवसांसाठी तासिका तत्त्वावर वेगळा शिक्षक नेमावा अशी सूचना अर्जात करू नये. त्यासाठी मान्यता, जाहिरात, मानधन हे सगळं लागतं, आणि तुमच्या साध्या अर्जाला उगाच मोठ्या प्रकरणाचं रूप येतं.

तरीही प्राचार्य म्हणतात, "हे लेखन इथे बसून होणार नाही का?" काय सांगायचं?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तयार असायला हवं. "तिथलं वातावरण चांगलं आहे" हे उत्तर नव्हे. या प्राध्यापिकांकडे वाई आणि जावळी तालुक्यांतल्या बायकांकडून ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या होत्या, लिहून काढलेल्या आणि विषयवार लावलेल्याही होत्या. अडलं होतं ते तुलनेपाशी. भोजपुरी भागात दळताना म्हणायच्या गीतांना जतसार म्हणतात. माहेर, भाऊ, सासुरवास हे विषय दोन्हीकडे येतात, पण ओवीत ते तीन-साडेतीन चरणांत येतात आणि जतसारात लांबलचक कथेतून. या तुलनेसाठी हिंदी आणि इंग्रजीतली संपादनं हवी होती. शिवाय त्याच महिन्यात तिथे आलेले उत्तरेकडचे लोकसाहित्याचे अभ्यासक भेटणार होते. त्यांनी अर्जात हे चार वाक्यांत लिहिलं आणि महिनाअखेर काय हातात असेल तेही लिहिलं : तुलनेच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा आणि तिथल्या चर्चासत्रात एक सादरीकरण. "पुस्तक पूर्ण करीन" असं लिहिलं नाही. एका महिन्यात पुस्तक पूर्ण होत नाही हे प्राचार्यांनाही कळतं.

अर्ज कसा लिहायचा? नमुना मिळेल का?

एक पान अर्ज, दुसऱ्या पानावर तक्ता, मागे निमंत्रणपत्राची आणि पूर्वपरवानगीची प्रत. भाषा साधी ठेवावी. उपकाराची याचना नको आणि हक्काचा सूरही नको, कारण कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. त्या प्राध्यापिकांचा अर्ज थोडा आवरून देतो.

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचं नाव)

मार्फत : विभागप्रमुख, मराठी विभाग

विषय : भारतीय उच्च अध्ययन संस्था, शिमला येथे सहयोगी म्हणून जाण्याची परवानगी व कर्तव्य रजा मिळणेबाबत.

संदर्भ : १) संस्थेचे निमंत्रणपत्र, दि. …  २) महाविद्यालयामार्फत अर्ज पाठविण्यास आपण दिलेली परवानगी, आवक क्र. …, दि. …

महोदय,

संदर्भ १ नुसार माझी वरील संस्थेत सहयोगी म्हणून निवड झाली असून १ जून ते ३० जून या कालावधीसाठी निमंत्रण आले आहे. १४ जूनपर्यंत उन्हाळी सुट्टी असल्याने २९ मे ते १४ जून या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी आणि १५ जून ते ३ जुलै (परतीच्या प्रवासासह १९ दिवस) कर्तव्य रजा मिळावी, तसेच महाविद्यालयातर्फे मला या कामासाठी पाठविण्यात यावे, ही विनंती.

निमंत्रणपत्रानुसार प्रवासखर्च व निवासाची व्यवस्था ती संस्था करणार आहे. महाविद्यालयावर कोणताही आर्थिक भार नाही. या काळातील २७ तासिकांची व्यवस्था सोबतच्या तक्त्यात संबंधितांच्या सह्यांसह दिली आहे. परीक्षाविषयक काम २५ मेपर्यंत पूर्ण करीत आहे.

तेथे करावयाच्या कामाचा तपशील सोबत जोडला आहे. ४ जुलै रोजी रुजू होऊन उपस्थिती प्रमाणपत्र व कामाचा अहवाल सादर करीन. स्वीकृती कळविण्याची अंतिम तारीख … असल्याने त्यापूर्वी निर्णय मिळावा.

आपली विश्वासू,

शेवटच्या वाक्यातली तारीख विसरू नये. प्राचार्यांना ती दिसली नाही तर त्यांच्या दृष्टीने घाई काहीच नसते.

मिळणाऱ्या पैशांचा उल्लेख करायलाच हवा का?

हवा, आणि निमंत्रणपत्रात जसा असेल तसाच. कर्तव्य रजा पूर्ण पगारी असते, पण नेहमीच्या खर्चाहून जास्त फेलोशिप किंवा मानधन मिळत असेल तर ती कमी पगारावर मंजूर करता येते, अशी तरतूद आहे. फक्त प्रवास आणि निवास असेल तर हा मुद्दा येत नाही. रक्कम लपवली आणि ती पुढे लेखापरीक्षणात निघाली, तर वसुली तुमच्या पगारातून होते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाकडे संशयाने पाहिलं जातं.

कर्तव्य रजा नाकारली तर?

नकार लेखी मागावा, शांतपणे. अनेकदा तोंडी नकार लेखी द्यायची वेळ आली की बदलतो, किंवा खरं कारण समोर येतं. एकाच विभागातले दोघं त्याच काळात रजेवर आहेत असं कारण असेल तर शिमल्याला तारखा बदलून मागणं हाच उपाय. तीन वर्षांत तीन भेटी आहेत, एखादा महिना मागेपुढे करण्याची विनंती करायला हरकत नसते.

तारखा हलत नसतील तर शिल्लक अर्जित रजा मागता येते. तीही नसेल तर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. इथे एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. असाधारण रजेचा काळ सहसा वेतनवाढीसाठी धरत नाहीत, पण फेलोशिपचं निमंत्रण स्वीकारण्यासाठी घेतलेली असाधारण रजा हा त्याला अपवाद आहे. मात्र मंजुरीच्या आदेशात कारण तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलं गेलं तर त्या अपवादाचा फायदा मिळत नाही आणि सेवापुस्तकात नोंद तशीच राहते. आदेश हातात पडला की पहिल्यांदा हे एक वाक्य वाचा.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मला हे लागू आहे का?

रजेचे हे नियम तुम्हाला लागू होत नाहीत, कारण तुमचं मानधन घेतलेल्या तासिकांवर असतं. न घेतलेल्या तासिकांचे पैसे मिळत नाहीत, एवढाच परिणाम. तरी लेखी परवानगी घ्या आणि तासिका कोण घेणार ते ठरवून जा. पुढच्या सत्रात पुन्हा नेमणूक होताना तेच आठवलं जातं, आणि तुमच्या बाजूने कागद असलेला बरा.

परदेशातलं निमंत्रण असेल तर?

अर्जाचा गाभा हाच, पण निर्णय प्राचार्यांच्या टेबलावर संपत नाही. परदेशी जाण्याची पूर्वपरवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र यांसाठी कागद संस्थेकडे आणि गरजेप्रमाणे विद्यापीठ व सहसंचालक कार्यालयाकडे जातो. शिमल्याच्या अर्जाला दोन महिने आधी सुरुवात पुरते. परदेशासाठी दुप्पट वेळ धरा आणि आदेश हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

"जा, मी बघतो" असं सर म्हणाले. मग निघू का?

नाही. मीही तरुणपणी अशाच एका शब्दावर तीन आठवडे एका ग्रंथालयात काम करायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ते प्राचार्य निवृत्त झाले होते आणि माझी फाइल कोऱ्या शेऱ्यासह पडून होती. ते दिवस नियमित करून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. त्यात त्या सरांचा काही वाईट हेतू नव्हता. रजा मंजुरीचा आदेश, जावक क्रमांकासह, घेऊनच निघावं. शिमल्याला जाण्याआधी कार्यमुक्तीचं पत्रही लागणार का ते निमंत्रणपत्रात पाहावं, आणि लागत असेल तर आदेशासोबतच मागून घ्यावं.

परत आल्यावर काय काय द्यायचं?

पहिल्याच दिवशी रुजू अहवाल. त्या प्राध्यापिकांनी ४ जुलैला सकाळी वर्गावर जाण्याआधी तो कार्यालयात दिला. त्यासोबत शिमल्याच्या संस्थेचं उपस्थिती प्रमाणपत्र, ज्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. निमंत्रणातल्या आणि प्रमाणपत्रातल्या तारखांत फरक पडला असेल, म्हणजे गाडी चुकली म्हणून एक दिवस उशिरा पोहोचलात, तर त्या दिवसाचा खुलासा त्याच अहवालात करावा.

कामाचा अहवाल दोन पानांत आणि आठवड्याभरात. जादा तासांचा तक्ता भरत जाऊन ऑगस्टअखेर विभागप्रमुखांच्या सहीने जमा करायचा. त्यांच्या १५ पैकी १३ तासिका झाल्या, दोन गणपतीच्या सुट्टीमुळे राहिल्या. त्या त्यांनी सप्टेंबरमध्ये घेतल्या आणि तशी नोंद केली. शेवटी कार्यालयात जाऊन सेवापुस्तकात १९ दिवस "कर्तव्य रजा" म्हणूनच चढले आहेत ना, ते स्वतः पाहायचं. त्यांच्या पुस्तकात आधी चुकून अर्जित रजा लिहिली गेली होती. आदेशाची प्रत दाखवल्यावर अधीक्षकांनी त्याच दिवशी दुरुस्ती करून सही घेतली, आणि पुढच्या वर्षीच्या भेटीसाठीचा पूर्वपरवानगीचा चार ओळींचा अर्ज त्यांनी तिथेच देऊन टाकला.